एका खोलीत चार इयत्ता: अहमदपूर, बीदर आणि बहुवर्ग शाळेचा इतिहास

अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात आहे. परंतु १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानातील आणि नंतर हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेत त्या जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे मराठीबहुल तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात गेले. उरलेला भाग आंध्रात गेला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, तेव्हा अहमदपूर त्यात आले.

या विभाजनाकडे बहुधा भाषेच्या आणि राजकारणाच्या अंगाने पाहिले जाते. त्याची एक वेगळी फलश्रुती मात्र क्वचितच सांगितली जाते. सीमेच्या दोन्ही बाजूंना लहान वाड्या आणि तांडे होते, दोन्हीकडे कमी पटाच्या शाळा होत्या, दोन्हीकडे एका शिक्षकासमोर सहा वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल एकाच खोलीत बसत होते. प्रश्न एकच होता. त्याची उत्तरे मात्र दोन राज्यांनी वेगवेगळी दिली आणि तो फरक समजून घेतला की बहुवर्ग शाळा म्हणजे नेमके काय, हे कळते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण 'इयत्ता' ही गोष्टच आपल्याकडे फार जुनी नाही.

पंतोजीच्या गावठी शाळेत इयत्ता नव्हत्या. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या पडवीत वीस-पंचवीस मुले बसत. कोणी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, कोणी बाराखडीत असे, कोणी पावकी-निमकी म्हणे, तर कोणी मोडी कागद वाचायला शिके. प्रत्येकाचा धडा त्याचा स्वतःचा. एक पायरी पक्की झाली की पंतोजी पुढची देत. थोरला धाकट्याला गिरवून घेई, आणि दिवस संपता संपता सगळे मिळून पाढे म्हणत.

एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यातील अशा शाळांची मोजणी झाली. तिच्यात १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी आढळले. म्हणजे सरासरी शाळेमागे वीस मुले, आणि बहुतेक ठिकाणी शिकवणारा एकटा. पुढे रा. वि. परुळेकरांनी ही कागदपत्रे शोधून प्रसिद्ध केली. हे आकडे इंग्रजी मुलखाचे आहेत, निजामाच्या नव्हेत. पण शाळेचे रूप दोन्हीकडे फारसे वेगळे नव्हते.

या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना प्रवेश नव्हता, आणि छडी हे तिचे मुख्य साधन होते. मुद्दा एवढाच की एका खोलीत निरनिराळ्या वयाची मुले असणे ही तिला अडचण वाटत नव्हती. सर्वांनी एकाच दिवशी एकच धडा शिकावा, अशी तिची अपेक्षाच नव्हती.

इथे इतिहासाने एक गमतीदार वळण घेतले. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत होता. तिकडच्या गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढतात आणि एकमेकांना शिकवतात, हे पाहून त्याने तीच रीत आपल्या शाळेत आणली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याविषयी पुस्तिका छापली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर लंडनमध्ये अशाच पद्धतीने शेकडो मुलांना एका दालनात बसवू लागला. थोरल्या मुलांना 'मॉनिटर' म्हणत. ही पद्धत पुढे मुंबईत इंग्रजी नावाने परत आली. १८२० च्या दशकात बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने ती स्वीकारली आणि १८२६ मध्ये तिच्यात तयार केलेले चोवीस शिक्षक जिल्ह्यांत पाठवले. पंतोजीच्या ओसरीवरची रीत परदेशवारी करून परतली, आणि तिला नवी म्हणून मान मिळाला.

मग १८५४ चा वुडचा खलिता आला, त्यामागून शिक्षणखाते आले, इन्स्पेक्टर आले, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके आली. 'क्रमिक' हा शब्द येथे नीट पाहावा. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक: शिकण्याच्या पायऱ्या आता पुस्तकांच्या क्रमाने ठरू लागल्या. वर्षाअखेर परीक्षा झाली की मूल वरच्या यत्तेत जाई, नापास झाले की सबंध वर्ष मागे राही. तपासणीला हे सोयीचे होते. मोठ्या गावात, जिथे प्रत्येक यत्तेला स्वतंत्र मास्तर होता, तिथे शिकवायलाही ते सोयीचे होते. लहान गावात मात्र मास्तर एकच राहिला आणि यत्ता चार झाल्या. बहुवर्ग शाळेचा 'प्रश्न' त्या दिवशी जन्मला.

निजामाच्या राज्यात हा प्रश्न उशिरा पोहोचला, कारण शाळाच थोड्या होत्या. १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली. वरचे शिक्षणही उर्दूतून. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे अहमदपूरच्या डोंगराळ भागात, बालाघाटच्या कुशीतील बहुतांश वाड्या-तांड्यांनी शाळेचे तोंड पाहिले ते १७ सप्टेंबर १९४८ नंतरच.

त्यानंतर शाळा आल्या त्या वेगाने आल्या, आणि वेगाने आणायच्या तर एका शिक्षकाच्याच आणाव्या लागतात. १९५३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जे. पी. नाईक यांचे 'द सिंगल टीचर स्कूल' हे पुस्तक प्रसिद्ध केले. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. एकशिक्षकी शाळेवर सबंध पुस्तक काढावे लागले, यातच काय ते आले. ती शाळा अपवाद नव्हती. ग्रामीण भारताची तीच शाळा होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि महाराष्ट्रात या शाळा त्यांच्याकडे आल्या.

पुढच्या योजनांनी हळूहळू शिक्षकांची संख्या एकावरून दोन केली. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरले. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्याच टप्प्यात जे जिल्हे निवडले गेले त्यांत लातूर आणि नांदेड दोन्ही होते. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. या काळात 'बहुवर्ग अध्यापन' हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणात रुळला. मग २००० नंतर वस्तीशाळा आल्या: जिथे शाळा नाही अशा वस्तीवर, गावातलाच एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी, महिना एक हजार रुपये मानधन, आणि पुन्हा एकट्याच्या हाती सगळी मुले. हे वस्तीशाळेचे शिक्षक सेवेत कायम होण्यासाठी पुढे कित्येक वर्षे झगडत राहिले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हा इतिहास संपला, असे पुष्कळांना वाटते. कायद्याची अनुसूची उघडून पाहिली तर उलटेच दिसते. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, आणि पाच इयत्तांना पाच शिक्षक मिळतात ते पट एकशेवीसच्या वर गेल्यावरच. म्हणजे ज्या शाळेत पन्नास मुले आहेत, तिथे पाच इयत्ता दोघांनी सांभाळाव्यात, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. बहुवर्ग खोली ही नियम मोडल्यामुळे घडत नाही. ती नियम पाळल्यामुळे घडते. आणि दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेला, की शाळा त्या दिवसापुरती पुन्हा १९५३ सालात जाते.

त्या दिवशी खोलीत काय होते, ते एका कल्पित पण नेहमीच्या प्रसंगावरून पाहू. समजा, अहमदपूर तालुक्यातील एका तांड्यावरची शाळा, पहिली ते चौथीत मिळून चोवीस मुले, एकच शिक्षिका, गणिताची चाळीस मिनिटे.

सोपा मार्ग म्हणजे वेळेची वाटणी. प्रत्येक इयत्तेला दहा मिनिटे. दहा मिनिटांत ती तिसरीला पुस्तकातले एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवील. उरलेली तीस मिनिटे तिसरीची मुले काय करतील? पुस्तकातले उतरवून काढतील. कागदोपत्री याला 'स्वयंअध्ययन' म्हणतात. हे स्वयंअध्ययन आहे की नुसती नक्कल, ते ओळखायला वही पुरते. वहीत पानामागून पान सुबक अक्षर असेल, खाडाखोड नसेल, चूक नसेल आणि दुरुस्तीही नसेल, तर मूल शिकत नाही, वेळ काढते आहे. आणि सर्वांत मोठे नुकसान पहिलीचे होते. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला एकट्याने करायला काहीच देता येत नाही. ते गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल गोंधळलेल्या खोलीत शहाणे वाटते.

दुसरा मार्ग म्हणजे घटक एक आणि पातळ्या चार. त्या दिवशीचा घटक वजाबाकी. पहिली दहा मिनिटे चोवीसही मुलांना बाजाराची एकच गोष्ट: नेले किती, खर्चले किती, उरले किती. मग पहिलीची मुले चिंचोक्यांच्या नऊ बियांतून चार बाजूला करतात. दुसरी ३८ मधून १५ वजा करते. तिथे हातचा लागत नाही. तिसरीला ५२ मधून २७ काढायचे आहेत. तिथे हातचा लागतो आणि आज तो नवा आहे. म्हणून शिक्षिका पुढची पंधरा मिनिटे तिसरीजवळ बसते. चौथीची मुले बाजारावरची शाब्दिक उदाहरणे स्वतः रचून एकमेकांना घालतात. अखेरची मिनिटे ती सर्वांच्या पाट्या-वह्यांवरून नजर फिरवते.

आता तिसरीत सहा मुले आहेत आणि त्यांतल्या तिघांचे उत्तर ३५ आले. ही धांदल नव्हे. तिघेही एकच गोष्ट करीत आहेत: एककात दोनमधून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करतात आणि पाच मांडतात, दशकात पाचातून दोन गेले, तीन. मोठ्यातून लहान काढायचे, एवढेच त्यांना उमगले आहे. यावर उपाय म्हणजे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, आणि सत्तावीस काढून द्या म्हणायचे. सात सुट्या काड्या द्यायच्या तर एका गठ्ठ्याचे रबर सोडावेच लागते. ते रबर मुलाने स्वतःच्या हाताने सोडले की हातचा कळतो.

शिक्षिका याऐवजी चौथीतल्या हुशार मुलीला 'यांना समजावून सांग' म्हणून पाठवील, तर ती काय सांगेल? 'हातचा घे.' तिला तेवढेच शब्द आठवतात. तिघांचे उत्तर पुढच्या वेळी बरोबर येईल आणि गठ्ठा कधीच सुटणार नाही. थोरल्याने धाकट्याला शिकवावे ही पंतोजीपासूनची रीत सरावासाठी उत्तम आहे. पाढे, वाचन, शब्द यांसाठी तिच्यासारखे दुसरे काही नाही. नवी संकल्पना मात्र तिच्या भरवशावर सोडता येत नाही. शिवाय तीच एक मुलगी रोज 'छोटी बाई' होऊ लागली, तर तिचे स्वतःचे चौथीचे गणित कोण घेणार?

तरीही या दुसऱ्या मार्गाला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती अहमदपूरसारख्या ठिकाणी प्रकर्षाने जाणवते. दिवाळीनंतर बालाघाटच्या पट्ट्यातून कुटुंबे ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहांची सोय असली तरी अनेक मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल परत आले तेव्हा हजेरीपटावर ते तिसरीतच असते. पुस्तक मात्र निम्म्याहून पुढे गेलेले असते. हातचा शिकवला तो दिवस त्याच्यासाठी कधी उगवलाच नाही. एका इयत्तेतच आता दोन इयत्ता झालेल्या असतात.

इथे जुन्या बीदर जिल्ह्याचा दुसरा तुकडा आठवावा.

आंध्रातील ऋषी व्हॅली येथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने आसपासच्या खेड्यांतील लहान शाळांसाठी वेगळीच मांडणी उभी केली. त्यांनी पाठ्यपुस्तकाचे तुकडे केले. प्रत्येक विषय लहान लहान टप्प्यांत मोडला, प्रत्येक टप्प्यासाठी कार्डे तयार केली: ओळख करून देणारे, सरावाचे, तपासणीचे, आणि तपासणीत अडखळणाऱ्यासाठी आणखी एक. हे सगळे टप्पे एका शिडीच्या चित्रावर मांडून भिंतीवर लावले. मूल सकाळी येते, शिडीवर आपण कुठे आहोत ते पाहते, कार्डावरच्या चिन्हावरून आपले कार्ड काढते आणि कामाला लागते.

१९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातील सरकारी शिक्षकांनी ही रीत पाहून युनिसेफच्या मदतीने आपल्याकडे 'नली-कली' सुरू केले. शब्दाचा अर्थ आनंदाने शिकणे. २००९-१० पासून कर्नाटकाने ते राज्यभरातील सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत नेले. औराद-भालकीकडील शाळाही त्यात आल्या. तिथे पहिली, दुसरी आणि तिसरीची मुले एकत्र बसतात, ती शिक्षक कमी आहेत म्हणून नव्हे. तशीच रचना आहे म्हणून. मुले पाच गटांत विभागतात: एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला सोबत्यांची पूर्ण, चौथ्याला सोबत्यांची थोडी, आणि पाचवा गट स्वतःच्या बळावर. कोण कोणत्या गटात बसेल हे इयत्ता ठरवीत नाही, हातातले कार्ड ठरवते. आणि चार महिन्यांनी परतलेले मूल जिथे सोडले होते त्याच कार्डापासून सुरुवात करते. त्याचा धडा त्याची वाट पाहत थांबलेला असतो.

धूळपाटीच्या काळाशी हे किती जुळते, ते सांगायला नकोच.

नली-कलीचे दोषही तितकेच खरे आहेत. कार्डे फाटतात, हरवतात, आणि नवा संच वेळेवर आला नाही की शिडीच्या मधल्याच पायऱ्या गळून पडतात. शिक्षकाच्या मदतीचा गट फुगला की मुले कार्ड हातात घेऊन ताटकळतात, आणि शिक्षक शिकवण्याऐवजी नुसती वाहतूक सांभाळू लागतो. प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे ओझे वेगळेच. शिवाय चौथीत पोहोचताच मुलाच्या हातात पुन्हा पाठ्यपुस्तक येते, आणि आपल्या गतीने चालायची सवय झालेले मूल तिथे बिचकते.

महाराष्ट्राने असा राज्यव्यापी बदल लहान शाळांसाठी केला नाही. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परतल्यावर वर्गाच्या फरशीवर आकडे, अक्षरे, चौकटी रंगल्या. फरशीवर बसल्यावर मुले इयत्ता विसरून मिसळली, हे त्या प्रयोगाचे मोठे यश. पण पुस्तक इयत्तेचे राहिले, चाचणी इयत्तेची राहिली, आणि शिक्षिकेला दोन हिशेब सांभाळावे लागले: एक मुलांचा, दुसरा कागदांचा.

मधल्या काळात चर्चेचा रोखच बदलला. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरवले. २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पानशेतच्या धर्तीवर 'समूह शाळां'ची कल्पना पुढे आली: अनेक लहान शाळा मिळून एक मोठी, आणि मुलांची ने-आण वाहनाने. यामागचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पाच मुलांच्या शाळेत खेळायला गडी नसतो, भांडायलाही नसतो. आणि पातळ्यांचे गट करायला मुले तरी हवीत. पण चोवीस मुलांच्या तांड्यावरच्या शाळेला तोच न्याय लावला जातो, तेव्हा त्यामागे एक जुनी समजूत असते: एका खोलीत अनेक इयत्ता म्हणजे अपुरी शाळा. पहिलीतल्या मुलीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे महाराष्ट्राच्याच नियमांत लिहिलेले आहे. पावसाळ्यात ओढा आल्यावर किंवा गाडी न आल्यावर तिने काय करावे, हे समूह शाळेच्या प्रस्तावात शोधावे लागते.

शाळेचा पट जिल्ह्याला आणि राज्याला कळवायचा तो इयत्तानिहाय. तांड्यावरची शिक्षिका तो कळवते: पाच, सात, सहा, सहा. उन्हाळ्याच्या तोंडाशी फडावरून परतलेले तिसरीतले मूल त्या पहिल्या सहामध्ये मोजले जाते. ५२ वजा २७ चे उत्तर ते अजून ३५ च मांडते.